भोंडल्याच्या फोटोंवर कवच: फेस स्वॅपविरुद्ध काय टिकलं, काय वाहून गेलं

५ जुलै २०२५, शनिवार. वडोदरा

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचे फोटो दरवर्षी मंडळाच्या पानावर जातात. या वर्षी महिला शाखेतल्या काकूंनी आणि त्यांच्या सुनांनी विचारलं की आमचे चेहरे कापून दुसऱ्या कुणाच्या अंगावर लावता येणार नाहीत असं फोटोत काही करता येईल का. भोंडला २८ सप्टेंबरला आहे. तोवर काय जमतं ते पाहायचं. ही वही इतर मंडळांना उपयोगी पडावी म्हणून ठेवली आहे.

फोटोच्या पिक्सेलांत मुद्दाम केलेला बारीक फेरफार, जो डोळ्याला कळू नये पण मॉडेलला चकवावा, त्याला इथे 'कवच' म्हटलं आहे. चाचणीसाठी तीन बायकांनी लेखी संमती देऊन प्रत्येकी पाच फोटो दिले. ज्या चित्रावर चेहरा लावून पाहायचा ते चित्र आमचंच. स्वॅप केलेली प्रत्येक फाइल त्याच दिवशी पुसायची, असं आधीच ठरवलं.

विरोधक म्हणून `inswapper_128.onnx` हे चेहरा बदलणारं मॉडेल निवडलं, कारण एका फोटोवर चालणारी बरीचशी फुकट साधनं आत हेच वापरतात. ते फोटोतला चेहरा थेट उचलत नाही. आधी `buffalo_l` संचातलं ओळख मॉडेल (`w600k_r50.onnx`) चेहरा ११२ × ११२ पिक्सेलांत सरळ करून त्याचे ५१२ आकडे काढतं. या आकड्यांना एम्बेडिंग म्हणतात. स्वॅप मॉडेलला मूळ व्यक्तीबद्दल एवढंच मिळतं. म्हणजे हे ५१२ आकडे भलतीकडे वळवले की चेहराही भलत्याच कुणाचा निघायला हवा. सगळं काम या एका दुव्यावर आहे.

६ जुलै

मोजपट्टी आधी बनवली. त्याच बाईचा वेगळ्या दिवशीचा, कवच नसलेला एक फोटो 'साक्षी' म्हणून बाजूला ठेवायचा आणि दोघांच्या एम्बेडिंगमधलं साम्य मोजायचं.

```python
from insightface.app import FaceAnalysis
import cv2
app = FaceAnalysis(name="buffalo_l")
app.prepare(ctx_id=0, det_size=(640, 640))
def emb(p):
    return app.get(cv2.imread(p))[0].normed_embedding
print(emb("photo.png") @ emb("sakshi.jpg"))
```

पहिल्या बाईंच्या फोटोवर साक्षीशी साम्य ०.७१ आलं. दोन वेगळ्या बायकांमध्ये ते शून्याच्या आसपास येतं. पुढचे सगळे आकडे याच एका फोटोचे आहेत. उरलेल्या दोघींचे थोडे इकडेतिकडे आले, पण कल तोच.

कवच काढायला मॉडेलमधून उलटा उतार लागतो, म्हणजे कुठला पिक्सेल किती हलवला की साम्य किती घटतं याचा हिशेब. मॉडेल चालवणारं ओएनएक्स रनटाइम तो देत नाही. `onnx2torch` वापरून मॉडेल पायटॉर्चमध्ये आणलं. इथे अडीच तास गेले, कारण पायटॉर्चमधलं साम्य मूळापेक्षा थोडं कमी येत होतं. चूक साधी होती. ओपनसीव्ही चित्र निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं आणि मॉडेलला लाल-हिरवा-निळा लागतं. क्रम उलटा असला तरी मॉडेल बंद पडत नाही, फक्त आकडे जरा खराब येतात, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. पिक्सेलमधून १२७.५ वजा करून १२७.५ नेच भागायचं, हेही विसरू नका. दोन्ही मॉडेलांना एकच चित्र देऊन ५१२ आकडे दशांशात जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१३ जुलै

पहिला प्रयत्न नेहमीच्या पद्धतीने. ११२ च्या कापलेल्या चेहऱ्यावर थेट पीजीडी चालवली. प्रत्येक पायरीला पिक्सेल थोडे हलवायचे, पण मूळ मूल्यापासून २५५ पैकी ८ च्या पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत. पन्नास पायऱ्यांत साम्य −०.३२ वर गेलं.

अशा कापलेल्या चौकोनावरचा आकडा सगळ्यांनाच छान मिळतो आणि त्याचा प्रत्यक्षात उपयोग नसतो. पानावर आपण ११२ पिक्सेलांचा चौकोन टाकत नाही, अख्खा फोटो टाकतो.

म्हणून तीच प्रक्रिया फोनच्या मूळ ४००० × ३००० च्या फोटोवर लावली. पीएनजी म्हणून जतन करून मोजलं, तर −०.२५. मग तोच फोटो व्हॉट्सॲपवरून एकीच्या फोनवर पाठवला, तिथून परत घेतला आणि मोजला. ०.६६. कवच जवळजवळ सगळं गेलं होतं.

२० जुलै

आठवडाभर आम्ही दोष फोटो दाबणाऱ्या जेपेगला देत होतो. खरं कारण आधीच्या पायरीत होतं, आणि ते समजायला मूळ फोटो आणि कवचाचा फोटो वजा करून, फरक तीसपट वाढवून पाहावा लागला. चेहऱ्यावर सारखा पसरलेला थर दिसायला हवा होता. दिसली ती टिंबांची जाळी: ठरावीक अंतरावर चार-चार पिक्सेलांचे ठिपके, मधली जागा कोरी.

त्याचं असं आहे. मूळ फोटोत चेहरा सुमारे ९०० पिक्सेल रुंद होता. तो ११२ वर आणताना `cv2.warpAffine` सरासरी काढत नाही. नव्या प्रत्येक पिक्सेलसाठी जुन्या चित्रातले फक्त शेजारचे चार पिक्सेल पाहतं. आठपट लहान करताना म्हणजे दर ६४ पिक्सेलांतले ४ वाचले जातात आणि ६० कुणी पाहतच नाही. उताराच्या हिशेबाने बदल अर्थातच त्या चारांतच केला. पुढे व्हॉट्सॲपने फोटो लांब बाजूला १६०० वर आणताना शेजाऱ्यांची सरासरी काढली आणि एकाकी ठिपके त्यात विरघळले. जेपेगने उरलंसुरलं पुसलं.

दुरुस्ती दोन भागांत केली. एक, फोटो आधी १६०० वर लहान करायचा आणि कवच त्यावर घालायचं. जे प्रकाशित होणार त्यावरच काम. दोन, पिक्सेलागणिक बदल करायचा नाही. चेहऱ्यावर एक जाडसर जाळी ठेवायची, बदल जाळीच्या गाठींवर ठरवायचा आणि तो गुळगुळीत पसरवायचा.

```python
d = F.interpolate(z, size=(h, w), mode="bicubic")
x = (face + eps * torch.tanh(d)).clamp(0, 1)
```

`z` ला एकच थर ठेवला आणि तोच तिन्ही रंगांना मिळवला. रंगात केलेला बदल वाया जातो, कारण जेपेग बहुधा रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवतो आणि उजेड-अंधाराची पूर्ण.

११२ च्या जाळीने व्हॉट्सॲपनंतर साम्य ०.३८ वर थांबलं. पहिल्यांदाच काहीतरी उरलं.

२७ जुलै

आता फोटोचा हा लहान होण्याचा आणि दाबला जाण्याचा प्रवासच शिकवणीत घातला. प्रत्येक पायरीला फोटोच्या आठ प्रती करायच्या. प्रत्येकीला वेगळं आकारमान (०.६ ते १ पट), वेगळी जेपेग गुणवत्ता (५० ते ९०) आणि चेहरा सरळ करताना एक-दोन पिक्सेलांचा धक्का द्यायचा, मग आठांचा सरासरी उतार घ्यायचा. धक्का आवश्यक आहे. डोळे, नाक आणि तोंडाच्या कोपऱ्यांचे पाच बिंदू कवच घातल्यावर किंचित सरकतात. ते गृहीत धरलं नाही तर ११२ चा चौकोन वेगळा पडतो आणि कवच जागेवर बसत नाही.

जेपेगमधून उतार जात नाही. त्यासाठी नेहमीची युक्ती वापरली: पुढे जाताना खरा जेपेग, मागे येताना तो नव्हताच असं समजायचं.

```python
x_j = x + (jpeg(x, q) - x).detach()
```

जाळी ५६ ची केली, पायऱ्या ३००. व्हॉट्सॲपनंतर साम्य ०.१२. स्वॅप करून पाहिला, चेहरा खरोखर तिऱ्हाईत बाईचा निघाला.

वेळ: चार जीबीच्या आरटीएक्स ३०५० वर एका चेहऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या वर. दुसऱ्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय, आठ मिनिटं. पैसे काही लागले नाहीत. मॉडेलांची उतरवण आठ-नऊशे एमबीची आहे.

१० ऑगस्ट

ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना फोटो दाखवले. पहिल्याच काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या गालावर वांग आल्यासारखं दिसतंय." दुसरीने विचारलं, फोटो खराब कॅमेऱ्याने काढलाय का. दोघी बरोबर होत्या. गोऱ्या किंवा सावळ्या, कुठल्याही सपाट त्वचेवर ५६ च्या जाळीचा ८ चा बदल ढगांसारखा दिसतो. दाढीत किंवा सुरकुत्यांत तो लपतो, तरुण मुलींच्या चेहऱ्यावर लपत नाही. ज्यांना संरक्षणाची गरज जास्त, त्यांच्यावरच तो उठून दिसतो, हे वाईट आहे.

या कामाची मुख्य अडचण हीच. बारीक दाणा डोळ्याला दिसत नाही, पण लहान करताना आणि जेपेगमध्ये मरतो. जाड दाणा टिकतो, पण दिसतो. फोटो दाबणारी यंत्रणा नेमकं तेच फेकून देते जे डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र मिळण्याची जागा अरुंद आहे.

मर्यादा ८ वरून सरासरी ५ केली. डोळे, भुवया, ओठ आणि केसांच्या कडेला ७, कपाळ आणि गालांवर ३ अशी वाटणी केली. आता "ठीक आहे" असं तिघींनी सांगितलं. साम्य मात्र ०.२९ वर चढलं. त्या आकड्याला स्वॅपमधली बाई तिची बहीण वाटावी इतकी तिच्यासारखी दिसते. ओळखीचा माणूस फोनच्या पडद्यावर फसेल का? आम्हाला वाटतं, काही जण फसतील.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या तयारीत एकच दिवस मिळाला, आणि तो एका चुकीत गेला. चौदा जणींच्या गटफोटोवर एकीचं साम्य ०.०४ आलं. आम्ही खूष झालो. मग कळलं की `[0]` म्हणजे पहिला सापडलेला चेहरा, आणि हा क्रम इथे चेहरा आहे या मॉडेलच्या खात्रीप्रमाणे लागतो. कवचाने ती खात्री बदलली, क्रम बदलला आणि आम्ही शेजारणीचं माप घेत होतो. गटफोटोत चेहरा नेहमी चौकटीच्या जागेवरून जुळवा. खरा आकडा ०.३३ होता.

७ सप्टेंबर

विसर्जन काल झालं. आजचा प्रश्न: विरोधकाने दुसरं ओळख मॉडेल वापरलं तर?

`antelopev2` संचातल्या `glintr100.onnx` वर तोच कवच असलेला फोटो मोजला. कवच नसताना ०.६९, कवचासह ०.५२. फेसनेट या तिसऱ्या ओळख मॉडेलवर ०.७४ चं ०.६६. म्हणजे आमचं कवच एका विशिष्ट कुलपासाठी घडवलेलं आहे. पहिली दोन मॉडेलं एकाच घराण्यातली, म्हणून थोडं तरी लागू पडलं. फेसनेटवर जवळजवळ काहीच नाही. हा प्रश्न पुस्तकी नाही. एका फोटोवरून नवं चित्र काढणाऱ्या साधनांत आयपी-अडॅप्टर फेसआयडी `buffalo_l` वापरतं, तर इन्स्टंटआयडी `antelopev2`.

दोन्ही मॉडेलांवर एकदम शिकवलं. वेळ दुपटीहून जास्त, साम्य अनुक्रमे ०.३४ आणि ०.३७. एकावर थोडं गमावलं, दुसऱ्यावर कमावलं. हेच ठेवलं. तिसरं मॉडेल घातल्यावर दोन्ही आकडे ०.४ च्या वर गेले, म्हणून ते काढलं. मर्यादा ५ चीच आहे, तेवढ्यातच सगळ्यांना भागवायचं आहे.

१४ सप्टेंबर

विरोधकाच्या बाजूने बघितलं. त्याला कवच आहे हे कळायचीही गरज नाही. फोटोचा स्क्रीनशॉट, फोनमधलं त्वचा नितळ करणारं फिल्टर, पुन्हा जेपेग, एवढ्या रोजच्या वापराने ०.३४ चं ०.४९ झालं. फिल्टर ढगाळ डागांनाच त्वचेचा दोष समजून पुसतं. मुद्दाम पुसायला बसलेला माणूस याहून पुढे जाईल.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर. तिघींपैकी एकीचे आणखी चार फोटो, कवच नसलेले, तिच्या भावाच्या उघड्या खात्यावर सापडले. स्वॅपला एकच फोटो पुरतो. चार साफ आणि एक कवचाचा असेल तर तो साफच निवडला जाईल, किंवा पाचांची सरासरी काढली तरी साम्य ०.६ च्या वर राहतं. शिकागो विद्यापीठाच्या फॉक्स या फोटोंना कवच घालणाऱ्या साधनावर २०२० नंतर जी टीका झाली तिचा रोख असाच होता: एकदा प्रकाशित झालेला फोटो बदलता येत नाही, आणि उद्याचं मॉडेल आजच्या कवचाला बांधील नाही. फॉक्सचा हेतू वेगळा, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची शिकवणी बिघडवण्याचा होता, पण ही अडचण दोघांना सारखीच.

आणि तीन ठिकाणी हे कवच लागूच पडत नाही. डीपफेसलॅबसारखी जुनी पद्धत शेकडो फोटोंवर चेहरा नव्याने शिकते. तिथे एम्बेडिंग मधे येतच नाही, म्हणून ते वळवून फायदा नाही. दुसरं, बाईच्या फोटोवर दुसऱ्याचा चेहरा लावला, तर तिचा फोटो फक्त पार्श्वभूमी ठरतो. तिसरं, कपडे बदलणारी साधनं चेहऱ्याला हातच लावत नाहीत, चित्राचा बाकीचा भाग नव्याने रंगवतात. त्यांच्याविरुद्ध एमआयटीच्या फोटोगार्डने २०२३ मध्ये वेगळ्या जागी, चित्र रंगवणाऱ्या डिफ्यूजन मॉडेलच्या एन्कोडरवर, म्हणजे फोटोचे आकडे करणाऱ्या भागावर, हल्ला केला होता. आमचं कवच त्या कामाचं नाही. बैठकीत हे तिसरं आम्ही दोनदा सांगितलं, कारण बहुतेक जणींच्या मनात खरी भीती त्याचीच होती.

२१ सप्टेंबर

मग उलट दिशेने पाहिलं: घालण्याऐवजी काढून टाकलं तर? कवच नसलेला गटफोटो टप्प्याटप्प्याने लहान करत गेलो. चेहरा ९० पिक्सेल रुंद असेपर्यंत साक्षीशी साम्य जवळपास तेच, ०.७०. ४५ ला ०.६३. २८ ला ०.४४. २० ला ०.२५. म्हणजे चेहरा पुसट दिसायला लागल्यावरही मॉडेल बराच वेळ ओळखतं. पण २५ च्या खाली जो तपशील गेला तो कुठलंही फिल्टर खराखुरा परत आणू शकत नाही. चित्र मोठं करून देणारी साधनं तिथे अंदाजाने कुणाचा तरी चेहरा भरतात. कवचाचं तसं नाही, घातलेलं काढता येतं.

भोंडल्याच्या फोटोला हे सोयीचंही आहे. मधे पाटावरचा हत्ती, भोवती फेर, वरच्या गॅलरीतून काढलेला रुंद फोटो. त्यात चेहरे मुळात लहान असतात, आणि बघणाऱ्याला हवं असतं ते साड्या, फेर आणि खिरापतीची ताटं.

२८ सप्टेंबर

भोंडला झाला. ३१२ फोटो. रात्री निवड करताना असं ठरलं: पानावर फक्त रुंद फोटो, लांब बाजू १०८० पिक्सेल, चेहरा २५ पिक्सेलांच्या आत. असे ४० निघाले. जवळचे २२ फोटो, ज्यांत चेहरा मोठा आहे, ते ज्यांनी हवे म्हटलं त्यांच्यापुरते दोन मॉडेलांच्या कवचासह. एकूण ५१ चेहरे, रात्रभर एक लॅपटॉप चालू. बाकीचे पेन ड्राइव्हवर, प्रत्येकीला तिचे.

सकाळी तपासताना ५१ पैकी ६ चेहऱ्यांचं साम्य ०.५ च्या वर राहिलेलं दिसलं. सहाही बाजूने दिसणारे. बाजूच्या चेहऱ्यात पाच बिंदूंपैकी एक डोळा अंदाजाने धरला जातो, सरळ करताना चौकोन जास्त हलतो आणि आमचा एक-दोन पिक्सेलांचा धक्का त्याला पुरत नाही. धक्का पाच पिक्सेल करून पुन्हा चालवलं, चार सुधारले. दोन फोटो वगळले.

५ ऑक्टोबर

आठवड्यानंतरची स्थिती. पानावरून उतरवून मोजलं तर कवचाच्या फोटोंचं साम्य ०.३१ ते ०.४५ च्या मधे. आमच्या घरच्या मापापेक्षा थोडं वर, कारण पान स्वतः आणखी एकदा दाबतं आणि ती गुणवत्ता आम्ही धरलेल्यापेक्षा कमी आहे. पुढच्या वेळी जेपेगची खालची मर्यादा ४० ठेवायची.

एका सभासदाने कार्यक्रमातच काढलेलं रील त्याच रात्री टाकलं होतं. उजेड चांगला, चेहरे जवळचे, दोन मिनिटं. त्यातली एक चौकट घेऊन मोजली: ०.६८. ते रील त्यांना विनंती करून काढून घेतलं. पण ते सहा दिवस उघडं होतं, आणि त्यात दिसणाऱ्या अकरा जणींपुरतं आमचं रात्रभराचं काम त्या दिवसांत निरुपयोगी होतं. पुढच्या वर्षी फेर सुरू होण्याआधी जवळचं चित्रण फक्त ठरवलेल्या एका फोनवर, असं सांगायचं ठरलं आहे.

बायकांना दिलेल्या कागदावर आम्ही चार ओळी लिहिल्या. कवचाचा फोटो व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवला तर तसाच जातो, फोटो म्हणून पाठवला तर कमजोर होतो. डीपीचा चेहरा लहान ठेवा आणि डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, कारण सगळ्यात साफ, समोरून काढलेला चेहरा तिथेच असतो. काही घडलंच तर आधी दुवा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. अश्लील बनावट चित्र हाती आलं असेल आणि वय १८ च्या वर असेल, तर `stopncii.org` त्याचा ठसा, म्हणजे चित्र ओळखण्याची आकडी खूण, तुमच्याच फोनवर काढतं. चित्र फोनबाहेर जात नाही, सहभागी मंचांकडे जातो तो फक्त ठसा.

चाचणीतले सगळे स्वॅप पुसले आहेत. संमतीचे कागद आणि आकड्यांची वही मंडळाच्या कपाटात आहे.